बंधूच्या डोक्यावरचा पेढा

गुन्हा कबूल करायला मी कुठल्या साहेबापुढे उभा नाही, तेव्हा सरळच सांगतो. सुरतेत बमरोली रोडवर शालिग्रामच्या मिठाईच्या दुकानावर जो नवा बोर्ड आहे, लाल जमिनीवर पिवळी गुजराती अक्षरं, तो मी रंगवलाय. योगराज पेंटरने. कोपऱ्यात सही आहे, बारीक, पण आहे. लोक थांबून बघतात. ‘हाथनुं काम छे? सरस छे!’ म्हणतात. ते सरस मला आता ऐकवत नाही.

चार वर्षं झाली, मला बोर्डाचं काम नव्हतं. सगळं फ्लेक्सने खाल्लं. मशीनवाला सकाळी ऑर्डर घेतो, दुपारी बोर्ड देतो, वर गणपती आणि गुलाबाची फुलं फुकट. माझ्याकडे काय उरलं? टेम्पोच्या मागे ‘हॉर्न प्लीज’, सोसायटीच्या भिंतीवर ‘येथे गाडी उभी करू नये’, पाण्याच्या टाकीवर लिटरचे आकडे. पस्तीस वर्षं ब्रश धरलेला हात आकडे काढून काढून वाकडा व्हायला लागला होता. हे मी सबब म्हणून सांगत नाही. सबब म्हणूनच सांगतोय, मेल्याने खोटं कशाला बोलावं!

घटस्थापनेच्या दिवशी सकाळी किसनभाऊ माझ्या शेडवर आला. माझी शेड लूमच्या कारखान्याला चिकटून आहे, दिवसभर खटखट चालू असते, त्यामुळे माणूस आत येऊन खांद्यावर हात ठेवीपर्यंत कळत नाही. बाहेर छोटा टेम्पो उभा होता. त्यात शालिग्रामच्या दुकानाचा जुना बोर्ड आडवा घातलेला, दहा बाय तीनचा. किसनभाऊच्या एका हातात पेढ्यांचा बॉक्स आणि दुसऱ्या हातात घडी घातलेला कागद.

“शालूनी चिठ्ठी देयेल शे तुले,” तो म्हणाला.

आता ही दोन माणसं कोण ते सांगायला पाहिजे. किसनभाऊ थोरला, शालिग्राम धाकटा. दोघं अमळनेरकडचे, म्हणजे माझ्याच मुलखातले. किसनभाऊ शाळेची पायरी चढला नाही. पोरवयातच धुळ्याला एका हलवायाच्या भट्टीवर राहिला आणि तिथून हातात कला घेऊन सुरतेला आला. आधी हातगाडीवर जिलेबी. मग धाकट्याला बोलावून घेतलं, कारण धाकटा दहावी पास, त्याला हिशोब कळायचा. दोघांनी मिळून दुकान घेतलं. किसनभाऊ मागे कढईपाशी, शालिग्राम पुढे गल्ल्यावर. वीस-बावीस वर्षं अशीच गेली. घारी म्हणजे माव्याची, तुपात तळलेली इथली मिठाई. या सुरतेत घारी करावी ती सुरतवाल्यांनीच, असं इथले लोक छातीवर हात मारून सांगतात. तेच लोक कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी, चांदनी पडव्याला, या खानदेशी माणसाच्या घारीसाठी पहाटे रांग लावतात. असा त्याचा हात.

पहिला बोर्डही मीच केला होता. तेव्हा दोघंही आले होते शेडवर. नाव काय टाकायचं यावर शालिग्राम म्हणाला, “दादा, तुझं टाकू.” खोटं का बोलू, तेव्हा म्हणाला होता तो तसं. किसनभाऊच हसला. “किसन मिठाईवाला म्हंजे हातगाडीवाला वाटस. तुन्हं नाव देवनं शे, तुन्हंच टाक.” मग मी सुचवलं, ‘शालिग्राम बंधू’ टाका, दोघंही आले त्यात. दोघंही खूश. भागीदारीचा कागद नाही, वकील नाही, काही नाही. लायसन शालिग्रामच्या नावाने, लाइटबिल शालिग्रामच्या नावाने. किसनभाऊचं जे काय होतं ते त्या बोर्डावर, शेवटच्या दोन अक्षरांत. आमच्या लोकांत तेवढ्यावर चालतं. चालायचं म्हणू.

त्याला वाचता येत नव्हतं, म्हणून त्याने मला विचारलं होतं, “यामां मी कोणता?” मी ‘बंधू’वर बोट ठेवलं. ‘बं’वरचा अनुस्वार मी मुद्दाम मोठा, गोल, भरीव काढला, पिवळ्यावर थोडी केशरी छटा मारून. म्हटलं, “ज्याच्या डोक्यावर पेढा, ते तुझं.” तो इतका हसला की डोळ्यांत पाणी आलं. तेव्हापासून रोज सकाळी दुकान उघडलं की स्टुलावर चढून बोर्ड पुसायचा. शालिग्रामवरून फडका एकदा फिरवायचा आणि त्या पेढ्यावरून दोनदा. मी स्वतः बघितलंय.

तर चिठ्ठी. मी ती उघडली. पुढचे नऊ दिवस ती माझ्यासमोर भिंतीला टाचणीने लावलेली होती, कारण मापं तिच्यात होती. दर अक्षराला मान वर करून बघत होतो. म्हणून ती मला तोंडपाठ आहे, काना-मात्रेसकट.

‘श्री. योगराज पेंटर यांस, शालिग्रामचा नमस्कार. वि. वि. दुकानाचा बोर्ड नव्याने करायचा आहे. फ्लेक्स नको. भट्टीच्या धुराने आणि उन्हाने वर्षात पांढरा पडतो. तुझा जुना बोर्ड बघ, अजून तसाच आहे, म्हणून तुलाच काम देतो.

पत्रा तोच वापरायचा, चांगला आहे. पण जुनी अक्षरं पार पत्र्यापर्यंत काढ. वरून रंग मारून दाबू नकोस. पलीकडच्या हॉटेलाच्या बोर्डावर संध्याकाळचं तिरपं ऊन पडलं की जुनी अक्षरं खालून उठतात, तू पाहिलं असशील. तसं मला नको.

बोर्ड सगळा गुजरातीत हवा. समोर नव्या बिल्डिंगी झाल्या आहेत, तिथलं गिऱ्हाईक मराठी अक्षर बघून पुढे जातं, त्यांना वाटतं कामगारांचं दुकान आहे. जमीन लाल, पण विटकरी नको, कुंकवाची लाल. अक्षरं पिवळी, हळदीच्या जवळची, लिंबासारखी नको. अक्षरं चौदा इंच उंच, जाड, पोट भरलेली. वर रेघ नसते म्हणून अक्षरं सुटी सुटी आणि पोरकी दिसतात, तर तशी दिसू देऊ नकोस. एका दोरीत बसलेली हवीत. सावली उजवीकडे खाली, मरून रंगाची, एक इंचापेक्षा जास्त नाही. काठाला पांढरी बारीक रेघ. फुलं, गणपती, लाडवाचं चित्र काही नको. नुसतं अक्षर.

मजकूर: वरच्या ओळीत शालिग्राम एन्ड सन्स. एन्ड सन्स नावाच्याच उंचीचं कर, बारीक करून कोपऱ्यात घालू नकोस. चेतन आता दुकानात बसणार आहे, लोकांना कळायला हवं. खालच्या ओळीत सहा इंचात मिठाई अने फरसाण. जुन्या बोर्डावरचं बंधू काढायचं आहे.

दसऱ्याला सकाळी फाफडा-जिलेबीची गर्दी व्हायच्या आत लावायचा. दादाला मी सवडीने सांगणार आहे. तू त्याच्याशी या विषयावर बोलू नकोस. कळावे.’

खाली पेन्सिलीने बोर्डाचं चित्र काढलेलं, फुटपट्टी लावून, अंतरं इंचात. काही म्हणा, माणसाला अक्षराची नजर होती. इतकी नेमकी चिठ्ठी मला उभ्या जन्मात कोणी दिली नव्हती. लोक येतात आणि ‘जरा झकास करा’ एवढंच सांगतात. ‘पोरकी दिसू देऊ नकोस’ असं कोण सांगतं? आणि ज्या हाताने हे लिहिलं, त्याच हाताने पुढची ओळ लिहिली. भाऊच पोरका करायचा आणि अक्षरांची काळजी!

ती ओळ मी तीनदा वाचली. ‘जुन्या बोर्डावरचं बंधू काढायचं आहे.’ आणि ती चिठ्ठी हातात धरून आणणारा माणूस माझ्यासमोर उभा. पेढ्याचा बॉक्स पुढे करून.

“काय लिखेल शे रे?” किसनभाऊने विचारलं.

इथेच बोलायला पाहिजे होतं. त्याला तिथे स्टुलावर बसवायचं, पाणी द्यायचं आणि सांगायचं, भाऊ, असं असं आहे, घरी जा आणि भावाची गचांडी धर. पाच मिनिटांचं काम. पण मी काय केलं? मी चिठ्ठीकडे बघितलं आणि माझ्या डोळ्यांपुढे चौदा इंचाची अक्षरं उभी राहिली, हळदीच्या पिवळ्याची. चार वर्षांनी. म्हटलं, “रंगाचं लिहिलंय. मापं आहेत.”

“चांगला कर हां,” तो म्हणाला. “शालूनं माले सांगं का गुजरातीमां करनं शे. कर बुवा. गिऱ्हाईक गुजराती शे.” मग टेम्पोतून बोर्ड उतरवायला त्याने स्वतः हात लावला. एक टोक माझ्याकडे, एक त्याच्याकडे. शेडमध्ये ठेवताना त्याच्याकडचं टोक ‘बंधू’चं होतं. तो पेढ्यावरून अंगठा फिरवून म्हणाला, “याले संभाळजो.” मी मान हलवली.

मनाला एक समजूत घातली मी. भावाभावांचा मामला आहे, शालिग्राम सवडीने सांगणार म्हणतोय, आपण कशाला मध्ये तोंड घाला? आपण पेंटर. दिलं ते लिहावं. ‘येथे लघवी करू नये’ लिहिलं म्हणून काय त्या भिंतीचे मालक आपण होतो? असलं काहीबाही घोकत होतो आणि हात काम करत होते.

जुना रंग काढायला दोन दिवस लागले. आधी औषध लावायचं, रंग फुगून उठला की पत्रीने खरवडायचं, मग पॉलिश पेपर. एनॅमल बावीस वर्षांचं, पत्र्याला असं धरून बसलेलं की बास. ‘शालिग्राम’ बरा निघाला. ‘बंधू’ला जास्त घासावं लागलं, कारण तो पेढा. मी तेव्हा त्याच्यावर तीन हात चढवले होते, वर केशरी, सगळ्यात जाड थर तिथला. कोपऱ्याकोपऱ्याने खरवडत गेलो. शेवटी पत्रा लखलखला. त्यावर तिरपा दिवा धरून पाहिलं, कुठे धार राहिलीय का. नव्हती. बोटाने चाचपून पाहिलं. गुळगुळीत. मग गंज धरू नये म्हणून रेड ऑक्साइड, मग लाल जमिनीचे दोन हात, मग खडूच्या दोरीने ओळी, आणि मग अक्षरं.

अक्षरं लिहिताना मी आनंदात होतो. हे ऐकायला वाईट वाटेल, पण होतो. हाताखाली काठी टेकवून ब्रश ओढायला लागलो आणि पहिल्या ‘शा’चा काना सरळ खाली उतरला, थरथर नाही, काही नाही. मी एकटाच मोठ्याने म्हणालो, “अरे वा रे पठ्ठ्या!” ‘एन्ड सन्स’ सगळ्यात सुंदर उतरलं. त्यातले दोन ‘स’ असे बसले की एकमेकांचा हात धरून उभेत. आठव्या दिवशी सावली मारली, काठाला पांढरी रेघ ओढली. सही केली.

मधल्या काळात मी एकदाही शालिग्रामला फोन केला नाही. भावाला सांगितलंस का रे बाबा, एवढंच विचारायचं होतं. उत्तर नको होतं म्हणून विचारलं नाही.

दसऱ्याला सकाळी सहाला बोर्ड लावायला गेलो. कढईत तेल तापलेलं, जिलेबीचा वास, आणि बाहेर शालिग्राम पांढऱ्या कपड्यांत. त्याचा मुलगा चेतन मोबाईलमध्ये मान घालून. किसनभाऊ आतून धावत आला, हात पुसत. डोक्याला पटका, कपाळाला गंध. बोर्ड चढवायला त्यानेच खालून खांदा लावला, पंचावन्न-साठीचा माणूस. मी शिडीवर, तो खाली, आणि त्याच्या खांद्यावर त्याला दुकानातून काढणारा बोर्ड. शालिग्राम लांबून म्हणत होता, “दादा, जरा डावीकडे. थोडा वर.” आवाजात काडीचाही फरक नाही.

नारळ फुटला. शालिग्राम माझ्याजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, “चिठ्ठी आणलीस का?”

“आहे खिशात. का?”

“दे.”

मी दिली. त्याने घडी घालून वरच्या खिशात टाकली आणि माझ्या हातात मिठाईचा बॉक्स ठेवला. म्हणाला, “काम एकदम नंबरी केलंस.” आणि गल्ल्यावर जाऊन बसला. दादाला सांगितलंस का, हे शब्द माझ्या ओठांपर्यंत आले होते. तेवढ्यात खांद्यावर हात पडला.

“योगराज, यामां मन्हं कोठे शे?”

किसनभाऊ बोर्डाकडे बघत होता. तोंड उघडं, डोळे चमकत होते.

काही सांगितलेलं नव्हतं त्याला. काहीच नाही. सवड म्हणे! एका कढईच्या अंतरावर बसून भावाला सवड मिळाली नव्हती.

लोक जमलेले, नारळाचं पाणी अजून पायरीवर ओलं. मी ‘एन्ड सन्स’वर बोट दाखवलं. “हे,” म्हटलं. “हे शेवटचं.”

“एवढं मोठं?” तो लहान पोरासारखा खूश झाला. “पहिलापेक्षा लांब शे.” मग कपाळाला आठ्या घातल्या. “पन पेढा कोठे ग्या?”

“गुजरातीत पेढा नसतो, भाऊ.”

असतो. गुजरातीत अनुस्वार असतो, मी हजार वेळा काढलाय. पण मी म्हटलं नसतो, आणि त्याने मान डोलावली. मी पेंटर, मला माहीत असणार. मग त्याने मला मोबाईल काढायला लावला. “फोटो काढ. मनीषाले धाड.” मनीषा त्याची मुलगी, भेस्तानला दिलेली. बायको गेल्यापासून त्याचं तेवढंच माणूस. तो शिडीच्या तिसऱ्या पायरीवर चढला, हात लांब करून ‘सन्स’च्या पहिल्या ‘स’वर ठेवला आणि माझ्याकडे बघून हसला. मी फोटो काढला. तो फोटो अजून आहे, काढून टाकायचं धाडस होत नाही.

मनीषाला मी तो पाठवला नाही. ती सुरतेच्या शाळेत शिकलेली, गुजराती फडाफडा वाचते. किसनभाऊ दोन दिवसांनी रस्त्यात भेटला, मावा आणायला चाललेला. “काय म्हनं मनीषा?”

“छान म्हणाली.”

“एवढंच?”

“फार छान म्हणाली.” तीन खोटी झाली. की चार? मोजायची नव्हती मला.

तुम्ही म्हणाल, रस्त्यावर एवढे लोक जातात, एकानेही सांगितलं नाही? नाही सांगितलं. कढईवरची पोरं ओडिशाकडची, त्यांना गुजराती वाचता येत नाही. गुजराती गिऱ्हाइकाला आधी काय होतं त्याचं सोयरसुतक नाही. आणि आमचे खानदेशी लोक, त्यांनी वाचलं. माझ्यादेखत वाचलं. पण त्यांना वाटलं, किसनभाऊने बोर्डाला स्वतः खांदा लावला म्हणजे त्याला मान्य असणार, वाटणी झाली असणार, आपण कशाला विचारा. जो तो मध्ये तोंड न घालणारा. त्यात मी पहिला.

चांदनी पडव्याच्या दिवशी मनीषा घारी न्यायला आली. ही गोष्ट मी तिथे उभा राहून पाहिली, कारण मीही रांगेत होतो. किसनभाऊ दरवर्षी मला घारीचा बॉक्स देतो, पण त्या वर्षी मी म्हटलं विकत घ्यावी, फुकट घशाखाली उतरायची नाही. दुकानापुढे शंभरेक माणूस. मनीषा रिक्षातून उतरली, पैसे देता देता वर बघितलं, आणि तशीच उभी राहिली. मग रांग तोडून थेट गल्ल्यापाशी गेली.

“काका, बाबांचं नाव कुठाय?”

शालिग्राम नोटा हातात घेऊन म्हणाला, “गर्दी आहे, पोरी. मग बोलू.”

“आत्ता बोला. बंधू कुठे गेलं?”

“अगं, बोर्ड जुना झाला होता.”

“मग नवीनवर लिहायचं होतं ना!” तिचा आवाज चढला. “बाबांनी तुम्हाला गावाहून आणलं. बाबांच्या कढईवर हे दुकान उभं आहे. तुम्ही त्यांना पुसून टाकलं, काका? आणि कोणाला लाजही नाही वाटली?”

आणि शालिग्राम बोलला. गल्ल्यावरून, सगळ्या गिऱ्हाइकांसमोर, गुजरातीत, म्हणजे सगळ्यांना कळावं म्हणून: “दादा मारो कारीगर छे. पगार आपुं छुं. आ वर्षे वधारी आपीश.” दादा माझा कारागीर आहे. पगार देतो. यंदा वाढवून देईन. एवढंच म्हणून त्याने पुढच्या गिऱ्हाइकाला विचारलं, “केटली घारी?”

किसनभाऊ मागच्या दारात येऊन उभा होता. हातात झारा, त्यातून तूप खाली ठिबकत होतं. वाचता येत नसलं तरी तीस वर्षांत गुजराती कळतंच. त्याने भावाकडे बघितलं, मग मनीषाकडे, मग रांगेत मला शोधलं. एवढ्या माणसांत बरोबर मला शोधलं. मी मान खाली घातली. रांगेत माझ्यामागचा माणूस म्हणाला, “आगळ चालो ने, भाई!” आणि मी एक पाऊल पुढे सरकलो.

त्याने भांडण केलं नाही. घारीचा एक घाणा तुपात होता, तो काढायला आत गेला. मनीषा रडत होती, “चला बाबा, आत्ताच्या आत्ता चला.” आतून त्याचा आवाज आला, “थांब व माय. लोकेसन्या ऑर्डरी शेतीस. त्यासनं काय चुकनं?” संध्याकाळपर्यंत तो कढईपाशी होता. सगळ्या ऑर्डरी पुऱ्या केल्या. असला माणूस.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो माझ्या शेडवर आला. कापडी पिशवीत दोन जोड कपडे आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला झारा. धुळ्याहून आणलेला, लोखंडी, दांडा अर्धा झिजलेला. तो त्याचा स्वतःचा. दुकानातून तेवढंच घेतलेलं दिसत होतं. मनीषा बाहेर रिक्षात बसली होती, आत आली नाही. माझं तोंड बघायचं नव्हतं तिला, आणि बरोबर होतं ते.

तो स्टुलावर बसला. मी पाणी दिलं. लूमची खटखट चालू होती. मला वाटलं, आता तो विचारणार, तुला माहीत होतं का? चिठ्ठीत काय होतं? आणि मी सगळं सांगून टाकणार, पायही धरणार होतो, ठरवलंच होतं मी. त्याने ते विचारलंच नाही. माझ्या भिंतीकडे, त्या टाचणीच्या भोकाकडे बघत होता.

“योगराज, एक सांग. तो नवा रंग शे ना, तो काढा त खाले मन्हं व्हई ना?”

मला आधी कळलंच नाही.

“म्हंजे तू वरतून मारेल व्हई ना रंग,” तो म्हणाला. “हॉटेलना बोर्डवर कसं, सांजनं ऊन पडनं का जुनं दिसस. तसं. मी उनमां उभा ऱ्हायनू काल. नही दिसनं. पन खाले त शे ना? पेढा तरी?”

त्याचे डोळे माझ्यावर होते. पडव्याच्या संध्याकाळी, बारा तास कढईपाशी उभं राहून झाल्यावर, हा माणूस रस्त्याच्या पलीकडे जाऊन ऊन तिरपं व्हायची वाट बघत उभा राहिला होता. मी तेवढं एक खोटं बोलायला हवं होतं. आहे म्हणायचं. खाली आहे, भाऊ, तसाच आहे. इतकी बोललो होतो, त्यात अजून एक काय जड होतं? पण जे खोटं बोलायला हवं तेच नेमकं तोंडातून निघालं नाही.

“नाही भाऊ,” मी म्हटलं. “पत्र्यापर्यंत घासला. काही ठेवलं नाही.”

त्याने मान हलवली. मग पिशवीतून बॉक्स काढून माझ्या रंगाच्या डब्यांशेजारी ठेवला. घारी होती, दरवर्षीसारखी.

“चोख शे तुन्हं काम,” तो म्हणाला, आणि झारा काखेत धरून रिक्षाकडे गेला.